विडी कामगार महिलांवरच्या पीएचडीचा संशोधन आराखडा: उद्दिष्टापासून वेळापत्रकापर्यंत

प्रश्न: समाजशास्त्रात पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. विषय ठरवलाय, ‘सोलापूर शहरातील विडी कामगार महिलांच्या समस्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास’. संशोधन मान्यता समितीसमोर, म्हणजे आरआरसीसमोर, सिनॉप्सिस मांडायचा आहे. एका जुन्या प्रबंधावरून सात उद्दिष्टे आणि सात गृहीतके घेतली आहेत. नमुना ४०० महिलांचा. उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती आणि वेळापत्रक नीट कसे लिहावे? मला रे नगरला राहायला गेलेल्या बायकांबद्दल विशेष जाणून घ्यायचे आहे, पण ते विषयात कुठे बसवावे कळत नाही.

उत्तर:

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य हाच तुमचा विषय आहे. वरचे शीर्षक बाजूला ठेवा. ‘समस्यांचा अभ्यास’ म्हटले की आरोग्य, शिक्षण, कर्ज, नवऱ्याचे व्यसन, मुलींची लग्ने असे सगळेच त्यात शिरते आणि कशाचेच उत्तर मिळत नाही. या शीर्षकात दुसरीही अडचण आहे. त्यात ‘सोलापूर शहरातील’ असे आहे आणि रे नगर आहे कुंभारीत. कुंभारी तर दक्षिण सोलापूर तालुक्यातले, महापालिकेच्या हद्दीबाहेरचे गाव. म्हणजे ज्या बायकांबद्दल तुम्हाला जाणून घ्यायचे आहे, त्यांना तुम्हीच शीर्षकातून वगळले आहे. समितीतल्या कोणीही पाच मिनिटांत यावर बोट ठेवील.

संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहून पाहा. मी असा लिहीन: सोलापूर शहराच्या पूर्व भागातून रे नगरला राहायला गेल्यावर विडी वळणाऱ्या बाईच्या रोजच्या कामात आणि हातात पडणाऱ्या मजुरीत काय फरक पडतो, आणि तो कशामुळे पडतो?

हा प्रश्न सोलापूरबाहेर कुठे विचारता येणे अवघड आहे. कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आधीच उभी राहिली होती. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प आला आणि त्यातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थ्यांना देण्यात आली. एका ठरावीक तारखेनंतर हजारो कामगार कुटुंबांचे राहण्याचे ठिकाण बदलू लागते, ही संशोधकाला फार क्वचित मिळणारी परिस्थिती आहे. साहित्याच्या आढाव्यातही हेच मांडा. शोधगंगेवर विडी कामगारांवरचे प्रबंध शोधा. त्यांतला कोणता घराची जागा आणि काम यांचा संबंध तपासतो आणि कोणता नाही, एवढेच दोन पानांत लिहा. प्रत्येक प्रबंधाचा सारांश देत बसू नका.

उद्दिष्टे

सात नकोत, चार पुरेत. प्रत्येक उद्दिष्ट एका क्रियापदावर संपले पाहिजे आणि ते पूर्ण झाले की नाही हे शेवटी सांगता आले पाहिजे. ‘विडी कामगार महिलांच्या समस्या जाणून घेणे’ हे कधी पूर्ण झाले असे म्हणणार? त्याऐवजी:

१. रे नगरला स्थलांतरित झालेल्या आणि पूर्व भागातच राहणाऱ्या विडी कामगार महिलांच्या कामाचे स्वरूप नोंदवणे.
२. या दोन गटांतील रोजच्या विड्यांची संख्या आणि आठवड्याची मजुरी यांची तुलना करणे.
३. घर ते ब्रँच, म्हणजे वळलेल्या विड्या जिथे द्यायच्या ते ठिकाण, हे अंतर आणि आठवड्यातील कामाचे दिवस यांचा संबंध तपासणे.
४. घर मंजूर असूनही तेथे राहायला न जाण्यामागची कारणे समजून घेणे.

गृहीतके

उद्दिष्टे सात तर गृहीतकेही सात, असा नियम कुठेही नाही, तरी तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. वर्णन करणाऱ्या उद्दिष्टाला गृहीतक लागत नाही. कारणे समजून घेणाऱ्या उद्दिष्टाला तर लावूच नये, कारण कारणे काय असतील हे आधीच ठरवले तर मुलाखतीत तेवढीच ऐकू येतात. म्हणून वरच्या पहिल्या आणि चौथ्या उद्दिष्टाला गृहीतक नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याला प्रत्येकी एक:

गृहीतक १: रे नगरला राहणाऱ्या महिलांची रोजच्या विड्यांची सरासरी संख्या पूर्व भागात राहणाऱ्या महिलांपेक्षा कमी आहे.
गृहीतक २: घर ते ब्रँच हे अंतर जितके जास्त, तितके आठवड्यातील कामाचे दिवस कमी.

प्रत्येकाखाली त्याची शून्य परिकल्पनाही लिहा: दोन गटांत फरक नाही, अंतर आणि कामाचे दिवस यांत संबंध नाही. संख्याशास्त्रीय चाचणी तिचीच होते.

जुन्या प्रबंधातून घेतलेली गृहीतके यांच्या शेजारी ठेवून वाचा. ‘विडी कामगार महिलांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे.’ हे खोटे ठरण्यासाठी कोणता आकडा यायला हवा? सांगता येत नाही. जे खोटे ठरूच शकत नाही ते गृहीतक नव्हे. माझ्या पहिल्या गृहीतकाचे तसे नाही. रे नगरला घर मोठे, उजेड आणि पाणी बरे, म्हणून तिथल्या बायका जास्त विड्या वळत असतील हेही शक्य आहे. तसे निघाले तर माझे गृहीतक पडेल, आणि तोही तितकाच चांगला निष्कर्ष असेल.

तुलना कोणाशी करायची

आराखड्याचा सगळा भार या भागावर आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

रे नगरच्या बायकांची तुलना पूर्व भागातल्या कोणत्याही विडी कामगार बाईशी केली तर एक घोटाळा होतो. ज्या कुटुंबाने घरासाठी अर्ज केला, स्वतःच्या हिश्शाचे पैसे भरले आणि गाव सोडून तिकडे जायची तयारी केली, ते कुटुंब मुळातच वेगळे असू शकते. कदाचित घरात दुसरे कोणी कमावते असेल, कदाचित मुले मोठी असतील. मग विड्यांच्या संख्येत जो फरक दिसेल तो घराच्या जागेमुळे की कुटुंबाच्या परिस्थितीमुळे, हे सांगता येणार नाही.

म्हणून दुसरा गट असा निवडा: ज्यांना रे नगरमध्ये घर मंजूर आहे, पण ज्या अजून पूर्व भागातच राहतात. अर्ज दोघींनीही केला, पैसे दोघींनीही भरले, फरक फक्त राहण्याच्या जागेचा. अर्थात मंजुरी मिळूनही एखादी का गेली नाही, यामागेही कारण असतेच. ते तुमच्या चौथ्या उद्दिष्टात येते आणि दुसऱ्या उद्दिष्टाचा निष्कर्ष वाचताना ते हाताशी ठेवावे लागते. म्हणूनच शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द मी टाळीन. ‘रे नगर, कुंभारी येथील आणि सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार महिलांचे काम व मजुरी: एक तुलनात्मक अभ्यास’ एवढेच शीर्षक ठेवा. जितके सिद्ध करता येईल तितकाच दावा.

गोदूताई वसाहतीतल्या बायका या दोन्ही गटांत मिसळू नका. त्या कुंभारीत कितीतरी आधीपासून राहतात, त्यांचे कामाचे बस्तान बसलेले आहे. व्याप्ती व मर्यादा या भागात त्यांना का वगळले ते एका वाक्यात लिहा, म्हणजे समितीतून तो प्रश्न आला तरी उत्तर कागदावरच असेल.

आणि रे नगरमधले प्रत्येक घर विडी कामगाराचे नाही. तिथे यंत्रमाग कामगार आहेत, इतर असंघटित कामगारही आहेत. त्यामुळे घर क्रमांकांच्या यादीतून ठरावीक अंतराने घरे निवडून आधी एकच प्रश्न विचारावा लागेल: या घरात गेल्या महिन्यात कोणी विडी वळली का? हा चाळणीचा टप्पा आराखड्यात लिहा आणि त्यासाठी वेळही धरा.

नमुना ४०० च का?

तुमच्या ४०० चा उगम मला माहीत आहे. यामाने यांचे सूत्र वापरून, पाच टक्के त्रुटी धरली की समष्टी मोठी असेल तर उत्तर ४०० च्या जवळच येते. ते सूत्र टक्केवारीचा अंदाज काढण्यासाठी आहे. तुम्हाला दोन गटांच्या सरासरींची तुलना करायची आहे आणि त्याचे सूत्र वेगळे आहे:

```
n = 2 × (1.96 + 0.84)² × s² / d²
```

यात n म्हणजे प्रत्येक गटातील महिलांची संख्या, d म्हणजे जो किमान फरक तुम्हाला महत्त्वाचा वाटतो तो, आणि s म्हणजे विड्यांच्या संख्येतले प्रमाण विचलन. १.९६ हा पाच टक्के सार्थकता पातळीचा आकडा आणि ०.८४ हा ८० टक्के सामर्थ्याचा.

समजा, रोजच्या १०० विड्यांचा फरक असला तर तो बाईच्या मजुरीत जाणवेल असे तुम्ही धरले, आणि प्रमाण विचलन ३०० विड्यांचे धरले. मग २ × ७.८४ × ९ म्हणजे साधारण १४१. दहा टक्के मुलाखती अपुऱ्या राहतील म्हणून प्रत्येक गटात १६०, एकूण ३२०. इथला ३०० चा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे. तुमचा खरा आकडा पायलटमधून येईल. प्रत्येक गटातल्या वीस बायकांची पायलट घ्या, विचलन काढा आणि मग नमुना पक्का करा. सिनॉप्सिसमध्ये ‘पायलटनंतर नमुन्याचा आकार निश्चित केला जाईल, प्राथमिक अंदाज ३२०’ असे स्पष्ट लिहिले तर चालते. ४०० का घेतले याला उत्तर नसणे मात्र चालत नाही.

माहिती कशी गोळा करायची

तुम्ही ‘प्रश्नावली’ लिहिले असेल तर ‘मुलाखत अनुसूची’ करा. या बायका कागद भरून देणार नाहीत, तुम्ही विचारून लिहिणार आहात. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलली जाते, तेव्हा अनुसूचीचे बोली तेलुगू रूप तयार करा. ते दुसऱ्या कोणाकडून पुन्हा मराठीत करून घ्या आणि अर्थ बदलला का ते पाहा. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर मदतनीस कोण, त्याला प्रशिक्षण काय देणार, हेही पद्धतीतच येते.

आता एकाच प्रश्नाकडे जवळून पाहू. ‘तुम्ही रोज किती विड्या वळता?’ हा प्रश्न बहुतेक अनुसूच्यांत असतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा गोल आकड्यात येते, ‘हजार’. ती बाई खोटे बोलत नसते, कोणीही सरासरी अशीच सांगतो. त्याऐवजी विचारा: काल ब्रँचला गेला होता का? किती विड्या दिल्या? त्यातल्या चेकरने किती नापास केल्या? पान कमी पडले का, आणि पडले असेल तर स्वतःच्या पैशाने किती आणले? मग दिलेल्या विड्यांची नोंद होते ते कार्ड पाहायला मागा आणि गेल्या चार आठवड्यांच्या नोंदी उतरवून घ्या. काही ठिकाणी कार्डावरची नोंद आणि प्रत्यक्ष काम यांत तफावत असते, म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. नापास विड्या आणि विकतचे पान वजा केल्याशिवाय मजुरीचा आकडा खरा होत नाही.

आता त्याच कार्डावरचे नाव वाचा. अनेक घरांत कार्ड सासूच्या नावावर असते, पाने सून कापते, विड्या दोघी मिळून वळतात आणि संध्याकाळी मुलगी दोरा बांधायला बसते. अशा कार्डावरच्या हजार विड्या कोणाच्या? हे आधी ठरवले नाही तर एका गटात तीन हातांचे काम आणि दुसऱ्या गटात एका हाताचे काम यांची तुलना होईल, आणि तुमचे पहिले गृहीतक घराच्या जागेमुळे नव्हे तर हातांच्या संख्येमुळे खरे किंवा खोटे ठरेल. माझा सल्ला असा की अभ्यासाचे एकक ‘कार्ड’ ठेवा. त्या कार्डासाठी काल किती जणींनी किती तास काम केले ते नोंदवा, आणि विश्लेषणात दर तासाच्या विड्याही काढा. ही व्याख्या सिनॉप्सिसमध्ये ‘कार्यात्मक व्याख्या’ या मथळ्याखाली चार ओळींत द्या. बहुतेक सिनॉप्सिसांत या मथळ्याखाली शब्दकोशातले अर्थ असतात. त्यांचा उपयोग नाही.

मुलाखत ब्रँचमध्ये घेऊ नका. चेकर शेजारी असताना नापास विड्यांबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. घरी जा, काम चालू असतानाच बोला, हात थांबवायला लावू नका. संमती तोंडी वाचून दाखवून घ्या, आणि कार्डाचा फोटो काढू नका, नोंदी हाताने उतरवा. घरातली लहान मुले कामाला हात लावताना दिसू शकतात. अशी माहिती कशी गोपनीय ठेवणार आणि अशा वेळी तुम्ही काय करणार, हे संशोधन नीतिमत्ता समिती विचारील, त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवा.

चौथ्या उद्दिष्टासाठी ही अनुसूची पुरणार नाही. दुसऱ्या गटातल्या पंधरा ते वीस बायकांच्या खोलवर मुलाखती घ्या आणि नवी कारणे यायची थांबली की थांबा.

विश्लेषण

‘संकलित माहितीचे काय-वर्ग चाचणीने विश्लेषण केले जाईल’ हे वाक्य काढून टाका. ती चाचणी वर्गवारीच्या माहितीसाठी आहे, आणि अपेक्षित वारंवारिता पाचच्या खाली गेलेल्या चौकटी जास्त असल्या की तिच्यावर विसंबता येत नाही. विड्यांची संख्या ही संख्या आहे. तिचे वितरण फार कललेले नसेल तर टी-चाचणी, कललेले असेल तर मान-व्हिटनी. अंतर आणि कामाचे दिवस यांसाठी स्पिअरमनचा सहसंबंध.

एक काम आजच करा. प्रबंधात जे तक्ते येतील ते रिकामे आखा. दुसऱ्या उद्दिष्टाच्या तक्त्यात दोन रकाने, रे नगर आणि पूर्व भाग, आणि ओळींत: एका कार्डावर काम करणाऱ्या व्यक्ती, कामाचे तास, दिलेल्या विड्या, नापास विड्या, विकतचे पान, प्रवासखर्च, हातात आलेली मजुरी. मग प्रत्येक चौकटीकडे बोट दाखवून विचारा, हा आकडा अनुसूचीतल्या कोणत्या प्रश्नातून येणार? उत्तर नसेल तर प्रश्न राहून गेला आहे. उलट, अनुसूचीतला एखादा प्रश्न कोणत्याच तक्त्यात जात नसेल तर तो काढा. साठ प्रश्नांची अनुसूची या एका कामाने पस्तीसवर येते.

वेळापत्रक

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीचा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा, कोर्सवर्क त्यातच धरलेले. महिलांना त्यापलीकडे जास्तीची सवलत आहे. पण वेळापत्रक ३६ महिन्यांचे आखा. पहिले सहा महिने कोर्सवर्क आणि साहित्याचा आढावा. सातवा ते दहावा महिना अनुसूची, तेलुगू रूप, नीतिमत्ता समितीची मान्यता आणि पायलट. अकरावा ते अठरावा क्षेत्रकार्य. एकोणिसावा ते चोविसावा माहितीची नोंद, तपासणी आणि विश्लेषण. पंचविसावा ते तेहतिसावा लेखन. शेवटचे तीन महिने गाईडचे वाचन, साम्य-तपासणी आणि सादरीकरणासाठी. प्रत्येक सत्राला प्रगती अहवाल द्यायचा असतो, तेव्हा त्या सहा महिन्यांच्या अखेरीस हातात काय तयार असेल, तेही त्याच ओळीत लिहा.

क्षेत्रकार्याचे आठ महिने मी मुद्दाम दिले आहेत. ३२० मुलाखती दिवसाला चार धरल्या तर ८० दिवसांत होतात असे कागदावर दिसते. पण सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ऊन आणि लग्नसराई, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव. या दिवसांत एकतर काम बंद असते किंवा बाई घरी सापडत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधी सगळे रे नगर संपवून मग पूर्व भाग, असे करू नका. पावसाळ्यात पान ओले होते, कामाचा वेग बदलतो. एक गट उन्हाळ्यात आणि दुसरा पावसात मोजला तर ऋतूचा फरक घराच्या जागेच्या नावावर जमा होईल. दर आठवड्याला दोन्ही ठिकाणी सारख्याच मुलाखती घ्या, आणि हे वाक्य वेळापत्रकात ठळक लिहा.

जुन्या प्रबंधातली उद्दिष्टे घेतल्याचे तुम्ही लिहिले आहे. ठेवू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही हे खरे, पण इथे अडचण टक्केवारीची नाही. ती सात उद्दिष्टे दुसऱ्या कोणाच्या प्रश्नातून आलेली आहेत, आणि तुमच्या रिकाम्या तक्त्यांतली एकही चौकट त्यांनी भरत नाही.

सिनॉप्सिसची पाने दहा ते बारा ठेवा. त्यांपैकी निम्मी पद्धतीला द्या. प्रस्तावनेत विडी उद्योगाचा इतिहास एका परिच्छेदात संपवा आणि ती वाचलेली जागा ‘कार्ड’च्या व्याख्येला आणि दुसऱ्या गटाच्या निवडीला द्या. आरआरसीत पहिला प्रश्न बहुधा ‘हाच गट का?’ असा येईल. पायलटचे आकडे हातात आले की सूत्रात s बदलून नमुना पुन्हा काढा, आणि ३२० पेक्षा फार वेगळा आला तर गाईडशी बोलून आधी क्षेत्रकार्याचे महिने बदला, मग बाकीचे.